एकविसावी अट: १९ जुलै २०२४ चा घटनाक्रम

शुक्रवार, १९ जुलै २०२४. सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सायबरसुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या विंडोज संगणकांकडे एक छोटी फाइल पाठवली. १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेतली. या ७८ मिनिटांत जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर गेले. हा अंदाज खुद्द मायक्रोसॉफ्टचा आहे. विमानतळ, बँका, रुग्णालयं, टीव्ही वाहिन्या असं कुणीच त्यातून सुटलं नाही.

हल्ला कुणी केलेला नव्हता. एका प्रोग्रॅमने एक अट तपासली, पण तिच्याआधी जी अट तपासायला हवी होती ती तिथे नव्हतीच. विशेष म्हणजे ही चूक त्या सकाळी जन्मलेली नाही. ती फेब्रुवारीपासून लाखो संगणकांवर पडून होती, चालत होती, चाचण्यांत उत्तीर्णही झाली होती. ती इतके महिने का दिसली नाही आणि त्या एका क्षणी का दिसली, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच नियमात आहे. प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या महिन्यात शिकवला जाणारा आणि मग विसरला जाणारा हा नियम म्हणजे शॉर्ट-सर्किट मूल्यमापन.

पुढचा तपशील क्राउडस्ट्राइकने स्वतः प्रसिद्ध केलेल्या मूळ कारणांच्या अहवालावर आणि मायक्रोसॉफ्टच्या तांत्रिक विश्लेषणावर आधारलेला आहे. सगळ्या वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार आहेत.

२८ फेब्रुवारी २०२४: एकवीस आणि वीस

क्राउडस्ट्राइकच्या फाल्कन सेन्सरची ७.११ ही आवृत्ती सर्वांसाठी खुली झाली. हा सेन्सर विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, ड्रायव्हर म्हणून चालतो. संगणकावर घडणाऱ्या घटनांवर लक्ष ठेवणं आणि त्यांत हल्ल्याची खूण दिसते का ते पाहणं हे त्याचं काम.

या आवृत्तीत एक नवी सोय होती. एकाच संगणकावरचे दोन प्रोग्रॅम आपसांत बोलतात तेव्हा विंडोजमध्ये ‘नेम्ड पाइप’ नावाची वाट वापरतात. हल्लेखोरही तीच वाट वापरतात. त्यांचा माग काढण्यासाठी नियमांचा एक नवा साचा तयार केला गेला. या साच्यात प्रत्येक नियमाला एकवीस रकाने होते, आणि प्रत्येक रकान्यात एक कसोटी: घटनेतली अमुक माहिती या नमुन्याशी जुळते का?

साचा म्हणत होता, रकाने एकवीस. पण सेन्सरमधला जो कोड घटनेची माहिती गोळा करून नियम तपासणाऱ्या कोडच्या हाती द्यायचा, तो फक्त वीसच मूल्यं देत होता. एका टोकाला एकवीस प्रश्न, दुसऱ्या टोकाला वीस उत्तरं. ही तफावत कंपाइल होताना कुणी तपासत नव्हतं आणि प्रोग्रॅम चालू असतानाही कुणी तपासत नव्हतं.

५ मार्च २०२४: चाचणी उत्तीर्ण

नव्या साच्याची ताण-चाचणी झाली आणि ती यशस्वी ठरली. लगेच त्या साच्यावर बेतलेला पहिला नियम ग्राहकांकडे रवाना झाला. हे नियम ‘चॅनेल फाइल २९१’ या नावाने जात. सेन्सरचा कोड न बदलता नवे नियम पोचवण्याची ही पद्धत.

इथे थांबून पाहायला हवं. एकवीस रकान्यांच्या नियमाला वीस मूल्यं मिळाली, तरी चाचणी उत्तीर्ण झाली कशी?

कारण एकविसाव्या रकान्यात वाइल्डकार्ड होतं, म्हणजे ‘इथे काहीही चालेल’. काहीही चालणार असेल तर ते ‘काहीही’ उघडून पाहायची गरजच उरत नाही. क्राउडस्ट्राइकचा मूळ कोड जाहीर झालेला नाही. पण अहवालात जे वर्तन वर्णन केलं आहे, ते सी भाषेत थोडक्यात लिहायचं तर असं दिसेल:

```c
if (is_wildcard(rule[20]) || matches(rule[20], inputs[20]))
```

मोजणी शून्यापासून असते, म्हणून एकविसावा रकाना म्हणजे क्रमांक २०. मधलं `||` हे चिन्ह ‘किंवा’. आता नियम पाहा. ‘किंवा’च्या डावीकडची अट खरी निघाली, तर संपूर्ण वाक्य खरंच ठरतं, उजवीकडे काहीही असो. म्हणून सी, सी++, जावा, पायथन, जावास्क्रिप्ट अशा भाषा उजवीकडची अट तपासतच नाहीत. ती चटकन तपासून सोडून देतात असं नाही, तिला हातही लावत नाहीत. `&&` म्हणजे ‘आणि’चं उलट: डावीकडची अट खोटी निघाली की निकाल खोटाच, म्हणून उजवी बाजू वगळली जाते. यालाच शॉर्ट-सर्किट म्हणतात. वेळ वाचावा म्हणून कंपायलरने केलेली ही मेहेरबानी नव्हे. सीच्या व्याख्येतच ती हमी आहे: डावं आधी, उजवं नंतर, आणि गरज असेल तरच.

डावीकडे वाइल्डकार्ड होतं, म्हणून `inputs[20]` कधी वाचलंच गेलं नाही. जागा रिकामी होती, पण त्या जागेकडे कुणी गेलंच नाही. चाचणीत जे चाललंच नाही, ते चाचणीत नापास होणार कसं?

८ ते २४ एप्रिल २०२४: तीन नवे नियम

याच साच्यावरचे आणखी तीन नियम ग्राहकांकडे गेले आणि तिन्ही अपेक्षेप्रमाणे चालले. तोवरच्या प्रत्येक नियमात एकविसावा रकाना ‘काहीही चालेल’ असाच होता.

या टप्प्यावर कुणी या साच्याची प्रकृती विचारली असती तर उत्तर आलं असतं, ‘महिना-दीड महिना प्रत्यक्ष वापरात आहे, एकही तक्रार नाही.’ ते उत्तर खरंही होतं. पण वापरात होता तो वाक्याचा डावा अर्धा भाग. उजवा अर्धा तयार झाल्यापासून एकदाही चाललेला नव्हता. शॉर्ट-सर्किटची ही दुसरी बाजू फारसं कुणी सांगत नाही. ते जसं धोक्याच्या ओळीपासून वाचवतं, तसंच धोक्याची ओळ नजरेआडही ठेवतं. डावी अट जोवर एकाच बाजूला झुकलेली आहे, तोवर उजवी अट बरोबर आहे की चूक, हे कळायला मार्ग नसतो.

१९ जुलै, प्रसारणाआधी: तपासनीस हिरवा झेंडा दाखवतो

हल्लेखोरांच्या साधनांत नव्याने दिसलेल्या नेम्ड पाइप पकडण्यासाठी दोन नवे नियम तयार झाले. त्यांपैकी एकात पहिल्यांदाच एकविसाव्या रकान्यात वाइल्डकार्ड नव्हतं. तिथे नेमका नमुना होता. त्या रकान्यातलं मूल्य आता खरोखर पाहावं लागणार होतं.

नियम बाहेर पडण्याआधी ‘कंटेंट व्हॅलिडेटर’ नावाचा प्रोग्रॅम त्यांची छाननी करतो. त्याने ते पास केले. त्याच्या हिशेबी एकवीस रकान्यांना एकवीस मूल्यं मिळणार होती, कारण साच्याच्या व्याख्येत तसंच लिहिलेलं होतं. प्रत्यक्ष सेन्सर किती मूल्यं देतो हे त्याने पाहिलंच नाही. अहवालात ही व्हॅलिडेटरमधली तर्काची चूक म्हणून नोंदवली आहे. याच नव्या नियमांची प्रत्यक्ष सेन्सरवर वेगळी चाचणी झाली नाही. आधीचे नियम नीट चालले होते, मार्चची चाचणी उत्तीर्ण होती आणि व्हॅलिडेटरने होकार दिला होता. तिन्ही होकार खरे होते, पण तिन्ही एकविसाव्या मूल्याबद्दल काहीच सांगत नव्हते.

सकाळी ९:३९: फाइल निघते

चॅनेल फाइल २९१ ची नवी आवृत्ती सर्व ग्राहकांकडे एकाच वेळी रवाना झाली. आधी थोड्या संगणकांवर, मग वाढवत, अशी टप्प्याटप्प्याची पद्धत या प्रकारच्या फाइलींसाठी तेव्हा नव्हती. सेन्सरची आवृत्ती कुठली ठेवायची हे ग्राहक ठरवू शकत होते, पण नियमांच्या या फाइली त्या निवडीत मोडत नव्हत्या. सेन्सर ७.११ किंवा त्यापुढचा, विंडोज आणि त्या वेळी चालू असलेलं इंटरनेट, या तिन्ही गोष्टी जिथे होत्या त्या संगणकांवर फाइल पोचली.

सकाळी ९:३९ नंतर, एका संगणकाच्या आत

फाइल उतरली तेव्हा लगेच काही घडलं नाही. पुढची नेम्ड पाइपची घटना घडली, विंडोजने सेन्सरला कळवलं, आणि सेन्सरने नवा नियम त्या घटनेला लावून पाहायला घेतला. पहिला रकाना, दुसरा, तिसरा, असं करत विसावा. मग क्रमांक २०, म्हणजे एकविसावा. डावीकडची अट: वाइल्डकार्ड आहे का? नाही. पहिल्यांदाच नाही. म्हणजे आता उजवी बाजू तपासणं भाग होतं.

तिथे सेन्सरने नेमकं काय केलं, ते मायक्रोसॉफ्टने २७ जुलैला क्रॅश डंप उलगडून दाखवलं. पत्त्यांचे आकडे वगळून, प्रोसेसरच्या सूचना सुटसुटीत रूपात अशा:

```
mov   r8, [rax+r11*8]
test  r8, r8
je    skip
mov   r9d, [r8]
```

एकेक ओळ पाहू. `rax` मध्ये मूल्यांच्या यादीची सुरुवात आहे. `r11` मध्ये रकान्याचा क्रमांक, म्हणजे २०. पहिली ओळ यादीतलं क्रमांक २० चं मूल्य उचलून `r8` मध्ये ठेवते. यादीत मूल्यं ० ते १९ इतकीच आहेत. म्हणून ही ओळ यादी संपल्यावर मेमरीत जे काही पडलेलं होतं तेच उचलते. इथे संगणक बंद पडत नाही. यादीच्या पुढची जागाही मेमरीच आहे, फक्त ती या यादीची नाही.

दुसरी आणि तिसरी ओळ मिळून एक पहारा आहे: `r8` शून्य आहे का? शून्य असेल तर पुढची ओळ सोडून `skip` कडे जा. शॉर्ट-सर्किट प्रोसेसरच्या पातळीवर असंच दिसतं. `&&` चं भाषांतर होऊन उरतं ते एक तपासणी आणि एक उडी. म्हणजे सेन्सरमध्ये पहारा नव्हता असं नाही. तो होता, आणि धोक्याच्या ओळीच्या आधीच होता.

पण त्याचा प्रश्न चुकीचा होता. ‘हा पत्ता रिकामा आहे का?’ एवढंच तो विचारत होता. हाती आलेला पत्ता रिकामा नव्हता, तो `ffff840500000074` असा होता. दिसायला पत्ता, पण प्रत्यक्षात तिथे वाचण्याजोगी मेमरीच नाही. पहाऱ्याने ‘रिकामा नाही’ म्हणून वाट मोकळी केली, आणि चौथी ओळ त्या पत्त्यावर वाचायला गेली. तिथे काही नव्हतं. `PAGE_FAULT_IN_NONPAGED_AREA`. निळा पडदा.

त्या जागी योगायोगाने शून्य पडलेलं असतं, तर हाच पहारा कामी आला असता. म्हणूनच अशा चुका एका संगणकावर दिसतात आणि दुसऱ्यावर दिसत नाहीत. सीच्या नियमांत यादीबाहेरचं वाचन हे अपरिभाषित वर्तन आहे. म्हणजे काय घडेल याची कुठलीच हमी नाही. न कोसळण्याचीही नाही आणि कोसळण्याचीही नाही.

बरोबर क्रम

त्या क्षणी हवी असलेली ओळ अशी होती:

```c
if (i < count && inputs[i] != NULL && matches(rule[i], inputs[i]))
```

डावीकडून उजवीकडे तीन अटी, आणि प्रत्येक अट पुढच्या अटीला परवानगी देणारी. `i < count` विचारते, हा क्रमांक यादीत आहे का? ते खरं असेल तरच `inputs[i]` वाचणं सुरक्षित आहे. वाचलेला पत्ता रिकामा नसेल तरच त्या पत्त्यावर जाऊन नमुना जुळवणं सुरक्षित आहे. `i` वीस असेल आणि `count` ही वीस असेल, तर ‘वीस वीसपेक्षा लहान’ हे खोटं. वाक्य तिथेच संपतं. उरलेल्या दोन अटींना कुणी स्पर्श करत नाही.

आता फक्त पहिल्या दोन अटींची अदलाबदल करू:

```c
if (inputs[i] != NULL && i < count && matches(rule[i], inputs[i]))
```

गणिताच्या तर्कशास्त्रात दोन्ही वाक्यं समान आहेत. ‘अ आणि ब’ म्हणजेच ‘ब आणि अ’. शाळेत शिकलेला हाच क्रमनिरपेक्षतेचा नियम इथे दगा देतो. कंपायलर कुरकुर करत नाही, चाचण्या चालतात, वाचणाऱ्यालाही तिन्ही तपासण्या जागच्या जागी दिसतात. पण यादीबाहेरचं वाचन पहिल्याच अटीत होऊन गेलेलं असतं, मर्यादेची तपासणी त्यानंतर येते. उडी मारल्यावर विहिरीची खोली मोजावी तसं हे आहे. आपल्या प्रकरणात तर मर्यादेची अट शेवटीही नव्हती, ती मुळातच नव्हती. ‘रिकामं आहे का’ ही दुसऱ्या नंबरची अट एकटीच पहिल्या नंबरच्या जागी उभी होती.

म्हणून कुठल्याही अटींच्या साखळीला विचारायचा प्रश्न एकच: ही अट सुरक्षितपणे तपासता यावी, यासाठी आधी काय खरं असायला हवं? जे असायला हवं ते तिच्या डावीकडे आहे का? ‘नेहमी रिकामेपणा आधी तपासा’ असा पाठ केलेला नियम पुरत नाही, कारण इथे रिकामेपणा आधी तपासूनही संगणक कोसळला. त्या तपासणीलाही स्वतःची एक पूर्वअट होती.

सकाळी १० वाजता: पुन्हा पुन्हा तेच

साधा प्रोग्रॅम असा चुकला तर तो एकटा बंद पडतो. कर्नलमध्ये तसं होत नाही. तिथे चुकीच्या पत्त्यावर वाचन झालं, तर आता मेमरीत नक्की काय बरोबर आहे याचा भरवसा उरत नाही, म्हणून विंडोज स्वतःच सगळं थांबवते. ‘चूक झाली तर पकडू’ ही सोय इथे कामाची नाही, कारण कर्नलच्या मेमरीतल्या अवैध पत्त्यावरचं वाचन भरवशाने पकडता येत नाही. चूक होण्याआधीच अडवणं एवढाच मार्ग असतो. अटींच्या क्रमाला इथे इतकं वजन येतं ते यामुळे.

संगणक पुन्हा सुरू झाला. फाल्कनचा ड्रायव्हर सुरुवातीलाच चालू होणाऱ्यांपैकी. संरक्षण पहिल्या क्षणापासून हवं म्हणून तसं मुद्दामच ठेवलेलं. त्याने डिस्कवरची तीच फाइल वाचली. पुढची नेम्ड पाइपची घटना आली, तीच तुलना झाली, आणि पुन्हा निळा पडदा. अनेक संगणक याच फेऱ्यात अडकले.

सकाळी १०:५७: फाइल मागे

क्राउडस्ट्राइकने जुनी, चालणारी आवृत्ती पुन्हा प्रसारित केली. यानंतर जे संगणक चालू झाले आणि इंटरनेटला जोडले गेले त्यांना काही झालं नाही. पण आधीच कोसळलेल्यांना नवी फाइल मिळणार कशी? ती उतरवून घेण्याइतका वेळ ते जिवंत राहतच नव्हते. काही संगणक बऱ्याचदा सुरू-बंद करून, कोसळण्याआधीच्या थोड्याशा वेळात फाइल मिळवून सावरले. बाकीच्यांना माणसाच्या हाताचीच गरज होती.

दुपार: हाताने लिहिलेले बोर्डिंग पास

त्या हाताने करायचं काय, ते सोपं होतं. संगणक सेफ मोडमध्ये सुरू करायचा, पुढच्या फोल्डरमध्ये जायचं आणि दोन-नऊ-एकच्या फाइली पुसायच्या:

```
cd C:\Windows\System32\drivers\CrowdStrike
del C-00000291*.sys
```

कठीण होतं ते प्रत्येक संगणकापर्यंत पोचणं. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर आधी त्या संगणकाची ४८ आकडी रिकव्हरी की हवी, आणि ती ज्या सर्व्हरवर जपून ठेवली होती तोही कित्येक ठिकाणी निळ्या पडद्यावर होता.

भारतात सगळ्यात जास्त जाणवलं ते विमानतळांवर. मुंबई, दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद इथे चेक-इन हाताने होऊ लागलं, रांगा लांबल्या. हैदराबादहून निघालेल्या एका प्रवाशाला मिळालेला हस्तलिखित बोर्डिंग पास देशभर फिरला. इंडिगोने सुमारे दोनशे उड्डाणं रद्द केली. त्याच पहाटे मायक्रोसॉफ्टच्या अझूर सेवेच्या अमेरिकेतल्या एका केंद्रात वेगळाच बिघाड झालेला होता, त्यामुळे कुठली अडचण कशाने आली याचा गोंधळही वाढला. रिझर्व्ह बँकेने सांगितलं की, दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडचणी आल्या आणि त्या सोडवल्या गेल्या किंवा सोडवल्या जात आहेत.

२० जुलै, पहाटे ३ वाजता

देशातल्या विमानतळांवरच्या यंत्रणा पूर्ववत झाल्याचं नागरी विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांनी नंतर सांगितलं. अमेरिकेत डेल्टा एअरलाइन्सला मात्र पाच दिवस लागले आणि तिची सुमारे सात हजार उड्डाणं रद्द झाली.

२५ जुलै ते ९ ऑगस्ट: दुरुस्ती

२५ जुलैला सेन्सरमध्ये मूल्य वाचण्याआधी मर्यादेची तपासणी घातली गेली. क्रमांक यादीत बसतो का, हे आता आधी विचारलं जातं. त्याच वेळी आणखी एक तपासणी आली: नियमाला जितकी मूल्यं लागतात तितकी यादीत आहेत का? २७ जुलैपासून साचा आणि मूल्यांची संख्या जुळते की नाही, हे कंपाइल होतानाच पाहिलं जाऊ लागलं. साच्याला एकवीस मूल्यं मिळतील असाही बदल झाला. ९ ऑगस्टपर्यंत ही दुरुस्ती ७.११ पासूनच्या सगळ्या विंडोज सेन्सरांना मिळेल असं ठरलं. नियमांच्या फाइली टप्प्याटप्प्याने सोडण्याची पद्धतही आली.

एक मर्यादेची तपासणी घातल्यावर बाकीच्यांची गरज काय, असं वाटू शकतं. इथेच पहाऱ्याची मर्यादा दिसते. `i < count` खोटं निघालं की वाक्य खोटं ठरतं आणि प्रोग्रॅम ‘नियम जुळला नाही’ असं समजून पुढे जातो. संगणक वाचतो हे खरं, पण नियम हल्ला पकडण्यासाठी होता. एकविसावं मूल्यच नसेल तर तो नियम कधीच जुळणार नाही, आणि हल्लेखोर शांतपणे आत जाईल. ‘जुळलं नाही’ आणि ‘तपासताच आलं नाही’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत, आणि `&&` दोघांनाही ‘खोटं’ याच एका उत्तरात बसवतं. म्हणून पहारा लावला की त्याचं ‘नाही’ कुठेतरी नोंदवायला हवं, आणि ती वेळ मुळातच येऊ नये याची व्यवस्था आधीच्या टप्प्यावर करायला हवी. क्राउडस्ट्राइकच्या दुरुस्त्या एकापेक्षा जास्त आहेत त्या यासाठी.

आणखी दोन मर्यादा लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. सी आणि जावामध्ये `&&` ऐवजी चुकून एकच `&` लिहिला गेला, तर दोन्ही बाजू तपासल्या जातात आणि पहारा नाहीसा होतो. कोड मात्र कंपाइल होतो. आणि एसक्यूएलमध्ये `WHERE` च्या अटी लिहिल्या त्या क्रमानेच तपासल्या जातील याची हमी नसते, डेटाबेस त्या आपल्या सोयीने उलटसुलट करू शकतो. शून्याने भागाकार टाळण्यासाठी तिथे ‘भाजक शून्य नाही’ ही अट आधी लिहिणं पुरेसं नाही, `NULLIF` सारखी सोय वापरावी लागते.

घटनाक्रमाचा अर्थ

या प्रकरणात दोन वाक्यांचा संबंध आला. पहिल्यात ‘किंवा’ होतं, त्याने महिनोन्‌महिने चूक झाकली. दुसऱ्यात ‘आणि’ हवं होतं, त्यातली सगळ्यात डावीकडची अट नव्हती. फेब्रुवारीत दुसरं वाक्य बरोबर लिहिलं असतं, तर जुलैची सकाळ सरळ गेली असती. आणि मार्चमध्ये पहिल्या वाक्याची डावी अट एकदा जरी खोटी करून पाहिली असती, म्हणजे चाचणीच्या एकाच नियमात एकविसाव्या रकान्यात वाइल्डकार्डऐवजी नेमका नमुना ठेवला असता, तर निळा पडदा चाचणीच्या संगणकावर दिसला असता.

विमानांच्या सर्वांत संवेदनशील सॉफ्टवेअरसाठी डीओ-१७८सी हे मानक नेमकं हेच मागतं. निर्णयातली प्रत्येक अट खरीही करून दाखवा आणि खोटीही, आणि ती बदलल्याने निकाल बदलतो हेही दाखवा. ओळ चालली एवढं पुरत नाही, कारण वरची `if` ची ओळ मार्चपासून रोज चालतच होती.

अटींची साखळी लिहिताना प्रत्येक अटीची पूर्वअट तिच्या डावीकडे हवी. आणि चाचणी लिहिताना प्रत्येक डावी अट दोन्ही बाजूंना झुकवून पाहायला हवी, म्हणजे तिच्या उजवीकडे जे काही आहे ते ग्राहकाच्या संगणकावर पोचण्याआधी आपल्याच डोळ्यांदेखत एकदा चालेल.